उजव्या कुशीतलं दुखणं आणि ४ मिमीचा खडा

ति. मामांस सा. न.

मामा, आईला यातलं एवढ्यात काही सांगू नका. ती लगेच मला तिकीट काढायला लावेल.

उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या खाली, सात आठवडे दुखतंय. त्याआधी तीन आठवडे खोकला होता. कळ येत नाही, पण दिवसभर ठसठसतं. खुर्चीतून वळून मागचं काही घेताना किंवा त्या कुशीवर झोपलं की टोचतं. जागा एका बोटाने दाखवता येते. जेवणाशी संबंध नाही. ताप नाही, अंगावर पुरळ नाही, लघवी स्वच्छ आहे.

इथे स्टुटगार्टला आधी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे नाहीत, मूत्रपिंडाला सूज नाही. मग कॉन्ट्रास्ट न देता सीटी स्कॅन केला. त्यात उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात ४ मिमीचा खडा निघाला. मूत्रवाहिनी मोकळी आहे, अपेंडिक्स ठीक आहे. लघवीत रक्तपेशी नाहीत, क्रिएटिनिन ०.९. लिव्हरवर थोडी चरबी आहे (ती तुमच्याकडच्या दिवाळीची).

खडा दिसल्याबरोबर मूत्ररोगतज्ज्ञांनी शॉकवेव्हने फोडू म्हणून पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. मला इथेच शंका येते. वाट अडली, मूत्रपिंड फुगलं, की खड्याची कळ उठते, असं तुम्हीच सांगितलं होतं. माझा खडा कप्प्यात निवांत पडून आहे. वळल्यावर तो का टोचेल? कदाचित तो बिचारा फक्त शेजारी सापडला.

दुसरं म्हणजे, फिजिओथेरपिस्टने मला उताणं झोपवून दुखऱ्या जागेवर बोट दाबलं आणि मान उचलायला सांगितली. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. दुखणं आतल्या अवयवाचं असतं तर ताठ स्नायूंनी बोट अडवलं असतं, म्हणून हे पोटाच्या भिंतीतलं, दबलेल्या नसेचं किंवा खोकल्याने सैल झालेल्या बरगडीचं असावं, असं तिचं म्हणणं. या दोन्ही गोष्टी झोपून स्थिर काढलेल्या सीटीत सहसा दिसत नाहीत. तिने हेही बजावलं की या चाचणीवर सगळं ठरवू नये.

तुम्हाला विचारायचं ते हे: शॉकवेव्ह पुढे ढकलून आधी त्या जागी भूल देणारं इंजेक्शन घेऊन पाहू का? काही मिनिटांत दुखणं थांबलं तर उत्तर बरंचसं मिळेल ना? आणि खडा नुसता लक्षात ठेवून सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर चालेल?

रिपोर्टचा फोटो नाही, सीडीवरचं आख्खं फोल्डर पाठवलंय, म्हणजे मिरजेतल्या तुमच्या रेडिओलॉजिस्ट मित्रांना स्वतः बघता येईल. बरगड्यांची टोकं जरूर पाहायला सांगा, रिपोर्टात त्यांचा उल्लेखच नाही. मध्ये ताप आला, लघवी लाल झाली किंवा कळ उठली तर मी तुमची वाट न पाहता थेट दवाखान्यात जाईन.

मामींना नमस्कार.

तुमचा,
बंडू