हयातीच्या दाखल्याचं घोडं अडतं ते उजेडात

मा. संपादक,

स.न.वि.वि.

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे एकीकडे कापूस वेचणी चालू असते आणि दुसरीकडे पेन्शनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ. बोटांचे ठसे घासलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी २०२१ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' या सरकारच्या ऑनलाइन दाखल्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, ती खरोखर उपयोगाची आहे. जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या हातांवर रेषा राहतात कुठे? पण गावच्या शिबिरात हा चेहरा फोनला पटत नाही, तेव्हा 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' एवढंच सांगून माणूस परत पाठवला जातो. निवृत्त शिक्षक म्हणून अशा कामांत मी गावकऱ्यांना मदत करतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा सर्व्हरचा काही दोष नसतो. अडतं ते उजेडापाशी आणि चष्म्यापाशी.

आमच्या शेजारच्या आजींचं उदाहरण घ्या. वय ऐंशीच्या पुढे, यजमान रेल्वेत गँगमन होते, त्यांची फॅमिली पेन्शन. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा, डोक्यावर पदर. शिबिर ग्रामपंचायतीच्या खोलीत होतं. आजींना खुर्ची मिळाली ती दाराकडे पाठ करून, बाहेर दुपारचं लख्ख ऊन. फोनवर चेहरा ओळखणारं AadhaarFaceRD ॲप उघडलं, चेहरा गोलात आला, 'डोळे मिचकवा' अशी सूचना आली आणि गाडी तिथेच थांबली. आजी वैतागल्या : "मी जित्ती बसली हाओ ना तुह्यासमोर, मंग हा मोबाईल कायले नाई म्हन्ते?"

मोबाईल 'नाही' म्हणतो त्याचं कारण साधं आहे. कॅमेरा उजेडाचा हिशेब सगळ्या चौकटीचा मिळून करतो. मागे उघडं दार असलं की तो त्या उन्हाला सांभाळायला जातो आणि समोरचा चेहरा काळवंडतो. आपल्याला आजी दिसतात, कारण आपली नजर लगेच जुळवून घेते. फोनला मात्र पापणी मिटली की उघडी आहे, हेच कळत नाही. समोर जिवंत माणूस आहे, कुणी कागदावरचा फोटो धरलेला नाही, याची खात्री ॲपला पापणीच्या हालचालीवरूनच करायची असते. उजेड कमी असला की एकेक चित्र टिपायला कॅमेऱ्याला जास्त वेळ लागतो आणि चित्र पुसट येतं. पापणी तर अर्ध्या सेकंदाच्या आत मिटून उघडते, ती त्यात हरवून जाते. भर उन्हात अंगणात बसवणं हाही उपाय नाही. डोक्यावरच्या सूर्यामुळे भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि माणूस डोळे किलकिले करतो ते वेगळंच.

चष्म्याची गंमत आणखी निराळी. काचेवर दाराचा किंवा ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटतो आणि डोळा त्याखाली झाकला जातो, म्हणून चष्मा काढायला सांगतात. ते बरोबरच आहे. पण चष्मा काढल्यावर आजींना स्क्रीनवरचं काही वाचता येत नाही. कुठे बघायचं आणि कधी पापणी मिटायची, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं ना! शिबिरातला मुलगा फोन समोर धरून मुकाट उभा होता आणि आजी त्याच्या शर्टाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आजींचा दाखला त्यांच्याच ओसरीत निघाला. त्यांना अंगणाकडे तोंड करून, पण सावलीत बसवलं, म्हणजे आकाशाचा मऊ उजेड सरळ चेहऱ्यावर पडला. मागे साधी भिंत होती. पदर कपाळावरून मागे सारला, चष्मा काढून मांडीवर ठेवला. नातवाने फोन डोळ्यांच्या उंचीवर हातभर अंतरावर धरला. त्याआधी लेन्स धोतराच्या मऊ कापडाने पुसली, कारण कापसाच्या दिवसांत फोनवर धूळ आणि तेलकट बोटं असतातच. मग मी शेजारी उभं राहून म्हणत गेलो, "आजी, माझ्या आवाजाकडं बघा. मिटा... आता उघडा." सावकाश, पुरती पापणी मिटवली आणि गोल हिरवा झाला. थोड्या वेळाने प्रमाण क्रमांकाचा मेसेजही आला.

जागा बरोबर आहे की नाही, हे ॲप उघडण्याआधीच कळू शकतं. त्याच जागी फोनच्या साध्या कॅमेऱ्याने एक फोटो काढावा आणि तो बोटांनी मोठा करून बघावा. डोळ्यातलं पांढरं आणि बुबुळ वेगवेगळं दिसलं तर उजेड पुरेसा आहे. डोळ्याच्या जागी नुसता काळा डाग दिसला तर जागा बदलावी, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बॅटरी संपवू नये. काही फोनमध्ये चेहरा गोरा-गुळगुळीत करणारा 'ब्युटी मोड' असतो, तोही बंद करावा.

मात्र सगळाच दोष उजेडाचा नसतो. पापणीची पायरी पार पडली, गोल हिरवा झाला आणि नंतर 'जुळत नाही' असं उत्तर आलं, तर भानगड वेगळी आहे. तेव्हा फोनने आपलं काम केलेलं असतं आणि चेहरा आधारच्या नोंदीतल्या फोटोशी जुळलेला नसतो. देशातलं पहिलं आधार २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच राज्यात, नंदुरबारमधल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत घाईघाईने काढलेले फोटो आजही अनेकांच्या नोंदीत आहेत. दात पडले, गाल बसले, वजन निम्मं झालं, फोटो मात्र तोच. अशा वेळी कितीही उजेड करा, उपयोग नाही. आधार केंद्रात जाऊन फोटो नवा करून घ्यावा लागतो, तो घरबसल्या बदलता येत नाही. आणि डोळ्याचं ऑपरेशन ताजं असून पट्टी बांधलेली असेल किंवा काळा चष्मा काढायची मनाई असेल, तर चेहऱ्याच्या नादी लागूच नये. बोटाचा ठसा चालत असेल तर तो द्यावा, नाहीतर बँकेत कागदी दाखला द्यावा. तो मार्ग बंद झालेला नाही, पण शिबिरात हे कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला राग येतो.

शिबिरं भरवणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. शिबिर सकाळी घ्यावं, तेही बंद खोलीत न घेता शाळेच्या किंवा पंचायतीच्या व्हरांड्यात. खुर्चीचं तोंड बाहेरच्या बाजूला असावं. फोन धरणाऱ्याखेरीज आणखी एक माणूस आजी-आजोबांशी बोलायला ठेवावा. आणि काम झालं नाही तर 'सर्व्हर डाऊन' न म्हणता चिठ्ठीवर लिहून द्यावं : पापणी टिपली गेली नाही, की फोटो जुळला नाही. पहिलं असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी चांगल्या उजेडात पुन्हा बसेल, दुसरं असेल तर थेट आधार केंद्राची एसटी धरेल. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांची शिबिरं वेचणीची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकली, तर घरचं माणूसही सोबत येऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ