लग्नाची नोंद आणि नावाची नोंद

महोदय,

नोकरीवर रुजू होणाऱ्या उमेदवारांची कागदपत्रं तपासणं हे गेली अनेक वर्षं माझं काम आहे. पदव्या खोट्या निघण्याचे प्रसंग क्वचित येतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या फायली मात्र दर महिन्याला अडकतात, आणि त्यात त्यांची लबाडी काहीच नसते.

नुकतीच अडकलेली एक फाईल सांगते. नावं बदलून लिहिते. दहावीपासून बीएस्सीपर्यंत मुलगी माधुरी वसंत कुलकर्णी होती, लग्नानंतर माधुरी सुहास देशमुख झाली. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही जातं. म्हणजे तीनपैकी दोन शब्द नवे. तिने रेझ्युमेवर सगळीकडे नवं नाव लिहिलं. पडताळणी करणाऱ्यांनी त्याच नावाने विद्यापीठाकडे चौकशी केली आणि उत्तर आलं, या नावाची नोंद नाही. अहवालात शेरा पडला 'तफावत'. बिचारीची पदवी खरी होती, पण ती कुलकर्णीच्या नावावर होती.

पदवी आणि गुणपत्रिका माहेरच्या नावानेच राहतात, आणि तशा राहण्यात काही चूक नाही. तेव्हा रेझ्युमेवर वरच्या ओळीत आज आधार आणि पॅनवर आहे तेच नाव लिहावं, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने. त्याखाली 'पूर्वाश्रमीचे नाव : माधुरी वसंत कुलकर्णी'. शिक्षणाच्या रकान्यात एक ओळ, 'सर्व प्रमाणपत्रे पूर्वाश्रमीच्या नावाने'. लग्नाआधीच्या नोकरीचं अनुभवपत्र जुन्या नावाचं असेल तर तिथेही तसंच लिहावं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. तेवढ्या फरकाला कोणी अडवत नाही. माधुरी कुलकर्णी-देशमुख हे जोडनाव मात्र रेझ्युमेवर नको. ते फेसबुकवर शोभतं, पण एकाही कागदावर नसतं, आणि मग आम्हाला दोनाऐवजी तीन नावं जुळवावी लागतात.

आता या दोन नावांमधला पूल. बहुतेकींना वाटतं, विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं की झालं. ते जोडावंच, बऱ्याच ठिकाणी ते चालतंही. पण ते एकदा नीट वाचून पाहा. माधुरी कुलकर्णीचा विवाह सुहास देशमुखशी झाला, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. माधुरी आता माधुरी सुहास देशमुख या नावाने ओळखली जाईल, असं त्यात कुठेच नसतं. काटेकोर तपासणारा तिथेच बोट ठेवतो. जुनं आणि नवं नाव एकाच ओळीत छापलेलं मिळतं ते महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात. त्यासाठी शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करता येतो. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावच बदललं असेल, तर राजपत्राला पर्याय नाही असंच मी म्हणेन; कारण मग तीनही शब्द वेगळे होतात.

राजपत्र हाती आलं की आधी आधार, मग पॅन, बँक आणि भविष्य निर्वाह निधीचं खातं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे आज आडनाव आणि पुढच्या वर्षी मधलं नाव असं हप्त्याहप्त्याने करू नये, आणि अर्ज देण्याआधी स्पेलिंग दोनदा वाचावं. पॅनवरचं वडिलांचं नाव लग्नानंतरही वडिलांचंच राहतं. त्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. निर्वाह निधीत जुन्या नोकरीचं नाव वेगळं राहिलं, तर ते कळतं थेट पैसे काढताना किंवा खातं पुढे न्यायच्या वेळी, आणि मग काही वेळा जुन्या कंपनीच्या सहीसाठी हेलपाटे सुरू होतात.

नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. ज्या मुली माहेरचंच नाव ठेवतात, त्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. पण बदललंच असेल तर अर्धवट नको. आधार देशमुख, पॅन कुलकर्णी आणि बँकखातं दोन्हींच्या मधलं, अशा फायलीत पहिला पगारसुद्धा अडकतो.

माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांचीही यात चूक आहे. कित्येक कंपन्यांच्या अर्जात 'पूर्वीचं नाव' हा रकानाच नसतो. असता, तर माधुरीच्या विद्यापीठाला पहिलंच पत्र कुलकर्णी या नावाने गेलं असतं. दुसरं पत्र आम्ही त्या नावाने पाठवलं, आसनक्रमांकासह, आणि नोंद सापडली. रुजू व्हायची तारीख मात्र दोनदा पुढे ढकलावी लागली.

आपली,
एक वाचक, पुणे