लघुपटाच्या सदोष स्पॅनिश सबटायटल्सबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सबटायटल विभाग

विषय : १८ मिनिटांच्या मराठी लघुपटाची स्पॅनिश सबटायटल फाइल नव्याने करून मिळण्याबाबत

महोदय,

आपण पाठवलेली स्पॅनिश सबटायटल फाइल आम्ही इथे नागपुरात चित्रपटासोबत लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली. १९६ सबटायटल्सपैकी ३८ ठिकाणी वाचनवेग ठरलेल्या मर्यादेबाहेर आहे. हे आम्ही फोनवर कळवलं तेव्हा "स्पॅनिश वाक्यं मुळातच लांब होतात, त्याला इलाज नाही" असं उत्तर मिळालं. ते आम्हाला मान्य नाही. इलाज आहे, आणि तो न करता आपण जे केलं त्याने चित्रपटाचं जास्त नुकसान झालं आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

कामाच्या ऑर्डरमध्ये मर्यादा स्पष्ट लिहिल्या होत्या. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, सेकंदाला १७ अक्षरांपेक्षा जास्त वेग नाही. कोणतंही सबटायटल २० फ्रेमपेक्षा कमी वेळ नाही आणि ७ सेकंदांपेक्षा जास्त नाही. रिकाम्या जागा, विरामचिन्हं आणि प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं चिन्ह, सगळं मोजायचं. म्हणजे अडीच सेकंदांच्या संवादाला ४२ अक्षरं मिळतात. अनुवादकाने आधी हा हिशोब करायचा आणि मग वाक्य बांधायचं. आपल्या फाइलमध्ये आधी वाक्य बांधलं आहे आणि वेळेत बसतं का ते नंतर पाहिलं आहे, असं जागोजागी दिसतं.

एक उदाहरण घेऊ. सहाव्या मिनिटानंतर सून सासऱ्यांना म्हणते, "तुमच्यासाठी पोहे केले होते, तुम्ही तर न खाताच निघून गेले." संवाद अडीच सेकंदांचा आहे आणि तो संपताच कट आहे, त्यामुळे वेळ वाढवायला जागा नाही. आपलं सबटायटल असं आहे :

```
00:06:08,200 --> 00:06:10,700
Había preparado poha para ti,
pero te fuiste sin haber comido nada.
```

पहिली ओळ २९, दुसरी ३७, एकूण ६६ अक्षरं. अडीच सेकंदांत वेग येतो २६.४. प्रेक्षक दुसऱ्या ओळीच्या मध्यावर असतानाच अक्षरं जातात. शिवाय सून सासऱ्यांना `ti` आणि `te` म्हणते, म्हणजे चक्क "तू". नागपूरच्या घरात सून सासऱ्यांना अरेतुरे करत नाही, आणि हा मान दाखवायला स्पॅनिशमध्ये `usted` आहेच. आता हेच वाक्य असं लिहून पाहा :

```
00:06:08,200 --> 00:06:10,700
Le hice poha y usted se fue sin comer.
```

एकच ओळ, ३८ अक्षरं, वेग १५.२. पोहे आहेत, न खाता जाणं आहे, मानही आहे. गेलं ते काय, तर "केले होते"चा लांबलचक काळ, `haber` आणि `nada`. `Había preparado` ऐवजी `hice` घेतलं की १५ अक्षरांच्या जागी ४ लागतात, आणि अर्थाला धक्का लागत नाही, कारण पोहे आधी झाले आणि सासरे नंतर गेले हे वाक्याच्या क्रमातूनच कळतं. `usted` गाळला असता तर आणखी अक्षरं वाचली असती. पण आदरार्थी क्रियापद आणि "तो"चं क्रियापद स्पॅनिशमध्ये सारखंच असल्यामुळे कोण गेलं याबद्दल घोळ झाला असता. सहा अक्षरं इथे खर्च करायची आणि ती दुसरीकडे वाचवायची, हेच या कामातलं कौशल्य आहे.

मर्यादा मोडलेली ३८ ठिकाणं सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये निदान लाल रंगात दिसतात. आमची खरी तक्रार हिरव्या दिसणाऱ्या ठिकाणांबद्दल आहे. वेग खाली आणण्यासाठी आपण ५ ठिकाणी प्रश्न आणि उत्तर एकाच सबटायटलमध्ये कोंबलं आहे. त्यातलं ११ मिनिटं ४२ सेकंदांवरचं सबटायटल पाहून आम्हाला फार वाईट वाटलं. मुलगा विचारतो, "वावर विकलं का बाबा?" बाप अडीच सेकंद गप्प राहतो. मग म्हणतो, "विकलं." चित्रपट त्या अडीच सेकंदांवर उभा आहे. आपलं सबटायटल :

```
00:11:42,000 --> 00:11:46,300
-¿Vendiste el terreno?
-Lo vendí.
```

३२ अक्षरं, ४.३ सेकंद, वेग ७.४. सॉफ्टवेअर याला शंभर टक्के पास करतं, कारण त्याला फक्त अक्षरं आणि सेकंद कळतात. स्पॅनिश प्रेक्षकाला मात्र मुलाचा प्रश्न पुरता ऐकू येण्याआधीच बापाचं उत्तर वाचायला मिळतं. पुढची शांतता त्याच्यासाठी निव्वळ रिकामी जागा होते. वाचून झालेलं असतं, म्हणून तो पडद्यावरच्या माणसाकडे नुसता बघत बसतो.

असं का केलं असेल हे आम्हाला समजतं. प्रश्नाचा संवाद जेमतेम एक सेकंदाचा आहे आणि आपल्या अनुवादात त्याची २१ अक्षरं होतात, म्हणजे वेग २१. ते लाल दिसलं म्हणून उत्तराशी जोडलं. पण प्रश्नानंतर अडीच सेकंद कोणी बोलतच नाही, कटही नाही. सबटायटल संवादासोबतच जायला हवं असा नियम नाही. शांततेतला अर्धा सेकंद उसना घेतला असता तर काम झालं असतं :

```
00:11:42,000 --> 00:11:43,500
¿Vendió la tierra?

00:11:45,500 --> 00:11:46,500
La vendí.
```

प्रश्न १८ अक्षरांचा, दीड सेकंद, वेग १२. मग दोन सेकंद पडदा रिकामा. मग उत्तर, बापाच्या तोंडून निघेल त्याच क्षणी. उत्तराचा आवाज ०.८ सेकंदांचा आहे, तो २० फ्रेमच्या खाली जातो, म्हणून तेवढं सबटायटल आवाजानंतर किंचित रेंगाळलं आहे. त्यात गैर काही नाही. लवकर येणारं सबटायटल गुपित फोडतं, किंचित उशिरा जाणारं कोणाचंच नुकसान करत नाही.

याच ठिकाणी `terreno` हा शब्दही बदलायला हवा. विदर्भात वावर म्हणजे कसायची जमीन, पिढ्यांची. `terreno` वाचून बांधकामाचा प्लॉट डोळ्यासमोर येऊ शकतो. `tierra` मध्ये माती आणि शेती दोन्ही आहेत, आणि तो शब्द एका अक्षराने लहानही आहे. मुलाने वडिलांना `usted` म्हणावं की `tú`, यावर अनुवादकाचं वेगळं मत असू शकतं. आजच्या स्पेनमध्ये मुलं वडिलांना बहुधा `tú` म्हणतात, आणि `¿Vendiste la tierra?` केलं तरी २० अक्षरांत बसतं. आमचा हट्ट एवढाच की जे ठरवाल ते चित्रपटभर पाळा. सध्या हाच मुलगा ३१व्या सबटायटलमध्ये बापाला `usted` म्हणतो आणि ११८व्यात `tú`.

या चुकांचं मूळ एकच दिसतं. अनुवाद मराठीवरून झालेला नाही, इंग्रजीवरून झाला आहे. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण यांना एकच शब्द, म्हणून मान गेला. मोठी बहीण म्हणते, "थकली मी आता." तिच्या तोंडी आपण `Ya estoy cansado` घातलं आहे, म्हणजे "थकलो". मराठीत "थकली" ऐकताच बाई बोलते आहे हे कळतं, इंग्रजीतून जाताना ते गळून पडतं. `cansada` लिहायला एकही अक्षर जास्त लागत नाही, त्यामुळे इथे मर्यादेची सबबही चालत नाही. शेजारीण "वहिनी" अशी हाक मारते त्याचं `cuñada` झालं आहे. आता स्पॅनिश प्रेक्षक शेवटपर्यंत या दोघींचं सासर शोधत राहील. तिथली हाक गाळलीच असती तरी चाललं असतं, कारण ती कोणाकडे बघून बोलते ते पडद्यावर दिसतंच. स्वल्पविराम आणि जागा धरून ८ अक्षरंही वाचली असती. वऱ्हाडी बोलीचा बाज स्पॅनिशमध्ये उतरला नाही याबद्दल मात्र आमची तक्रार नाही. "काऊन बे"ला `¿Qué pasa?` केलंत ते योग्यच केलंत. तिथल्या एखाद्या प्रांताची बोली आमच्या पात्रांच्या तोंडी घालणं जास्त विचित्र दिसलं असतं.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. ९ ठिकाणी सबटायटल कट ओलांडून पुढच्या दृश्यात ३ ते ६ फ्रेम राहिलं आहे, त्यामुळे कटनंतर अक्षरांची नुसती उघडझाप दिसते. ती कटच्या २ फ्रेम आधी संपवावीत. दुसरं म्हणजे पहिल्या फाइलमध्ये `ñ` च्या जागी `Ã±` दिसत होतं. हा फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडल्याचा दोष आहे, `UTF-8` निवडून ती पुन्हा उघडायला मिनिटही लागत नाही. त्याऐवजी आपल्याकडे कोणीतरी सगळीकडे साधा `n` घातला. परिणामी आजीच्या वयाच्या वाक्यात `años` चं `anos` झालं आहे. त्या शब्दाचा अर्थ आपल्या अनुवादकाला विचारावा, आम्ही तो इथे लिहू इच्छित नाही. परदेशी प्रेक्षक त्या गंभीर प्रसंगात हसतील.

आमच्या मागण्या अशा. मराठी संवाद ऐकून समजणाऱ्या आणि स्पॅनिश उत्तम लिहिणाऱ्या व्यक्तीकडून, किंवा अशा दोन व्यक्तींनी एकत्र बसून, सर्व १९६ सबटायटल्स पुन्हा तपासावीत. ३८ लाल ठिकाणी वेळ वाढवण्याआधी वाक्य कापावं. प्रश्नोत्तरं जोडलेली ५ ठिकाणं सुटी करावीत. कोण कोणाला `tú` म्हणतं आणि कोण `usted`, याचा एक पानी तक्ता काम सुरू करण्याआधी आमच्याकडून मंजूर करून घ्यावा. त्यासाठी पात्रांची नाती आम्ही सोबत लिहून दिली आहेत. तयार फाइल कोणीतरी आवाज सुरू ठेवून, न थांबवता, एकदा तरी पूर्ण पाहावी. आपण ज्या सॉफ्टवेअरवर विसंबलात त्याला बापाची शांतता ऐकू येत नाही.

हे काम पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत आणि जादा शुल्क न घेता व्हावं. बिलाची उरलेली निम्मी रक्कम दुरुस्त फाइल तपासून झाल्यावर त्याच दिवशी देऊ. ३८ ठिकाणांची यादी, प्रत्येकाचा टाइमकोड, अक्षरसंख्या आणि उपलब्ध वेळ सोबत जोडला आहे.

कळावे,

आपले,
लघुपटाचे दिग्दर्शक व संकलक
नागपूर

सोबत : १) ३८ सबटायटल्सची यादी २) पात्रांच्या नात्यांचा तक्ता ३) मूळ मराठी संवाद