सूचना : दिवा मालवल्यानंतरच्या हाका

पालकहो, दोन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल गटात सारखी येणारी तक्रार म्हणजे शुभ रात्री म्हणून झालं की पाणी, शू, अजून एक पापी... हाका थांबतच नाहीत. दरवेळी हा हट्ट नसतो. झोपायचं म्हणजे आई-बाबांपासून लांब जायचं, म्हणून ते अजून जवळ आहेत ना, हे मूल चाचपून बघतं.

पाणी आणि शू आधीच उरकून घ्या. मग मुलाजवळ बसा (दारातून ओरडलेलं ‘गुड नाइट’ धरत नाही!), केसांतून हात फिरवा आणि रोज तेच वाक्य म्हणा, "झोप हं आता, मी बाहेरच आहे. पाच मिनिटांनी येऊन बघते." पाच मिनिटांनी खरंच जा, मूल जागं असलं तरी आणि त्याने हाक मारली नसली तरी. हाक मारल्यावरच गेलात, तर हाक मारणं हाच उपाय, असं ते शिकतं. पांघरूण सारखं करा, गप्पा न मारता परत फिरा. हे जमलं की पाचाची दहा मिनिटं करा.

संध्याकाळी रागावला असाल, तर समेट दिवा मालवण्याआधीच करा.