टिप आली तेव्हा विकत कोण होतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइलवर पैसे घेऊन शेअरच्या टिप्स देणाऱ्या आणि लोकांना फसवणाऱ्या ग्रुपवाल्यांची तुमची कालची बातमी वाचली. पत्र तुम्हाला लिहिते आहे, पण खरं ते माझ्या मुलासाठी आहे. घरात मी तोंड उघडलं की तो कानात इअरफोन घालतो. पेपर मात्र अजून चहाबरोबर वाचतो. तेव्हा छापाच.

बाळा, ४,९९९ रुपये महिना भरून तू अशाच एका ग्रुपचा ‘प्रीमियम’ मेंबर झालास, त्यावर मी काही बोलले नव्हते. पण आता रिन्यू करायचं म्हणतोस म्हणून बोलते. फोर्टातल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात मी अकरा वर्षं काँट्रॅक्ट नोटा लिहिल्या आहेत. ‘आई, तुझा जमाना वेगळा होता’ हे मला ऐकवू नकोस. तेव्हा टिप पानाच्या टपरीवर फुकट मिळायची, एवढाच काय तो फरक.

ग्रुपच्या टिपेवर तू घेतलेल्या त्या शेअरचा हिशेब मी पेन्सिल घेऊन मांडला. एक्स्चेंजच्या साइटवर रोजचे भाव आणि रोज किती शेअर फिरले ते फुकट दिसतं. दोन महिन्यांपूर्वी भाव होता ३१, आणि दिवसाला जेमतेम हजारभर शेअर इकडून तिकडे व्हायचे. मग दीड महिना रोज आठ-दहा हजार फिरू लागले आणि भाव हळूहळू ४६.३० वर आला. कंपनीची बातमी नाही, निकाल नाही, काही नाही. कोणीतरी आवाज न करता गोळा करत होतं. दीड महिन्यात किती झाले? तीन लाखांच्या आसपास.

मग सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी तुझ्या ग्रुपवर रॉकेटची चित्रं लावून मेसेज आला: ‘४७ च्या आत घ्या, टार्गेट ७५’. दोन मिनिटांत भाव सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या वरच्या मर्यादेला, भिडला. तुला मिळाले ते ४८.६० ला, २,००० शेअर. त्या एका दिवसात तीन लाखांवर शेअर फिरले. ग्रुपात तुम्ही सहाशे जण. प्रत्येकाने सरासरी पाचशे घेतले तरी तेवढेच होतात. रोज दहा हजार फिरणाऱ्या शेअरमध्ये त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना माल विकला कोणी, हे तुला विचारावंसं वाटलं नाही? फी ही ग्रुपच्या ॲडमिनची वरकमाई. त्याला गिऱ्हाइकं हवी होती टिपेला नव्हे, मालाला.

दुसऱ्या दिवशी ५१ झाला, त्याचे स्क्रीनशॉट टाकून झाले. तिसऱ्या दिवसापासून रोज पाच टक्के खाली. लोअर सर्किट लागलं की घेणारा एकही नसतो. विकायची ऑर्डर टाकून नुसतं बसायचं. तू पाच दिवस बसलास, जेवलासही नाहीस नीट. शेवटी ३९.६० ला सुटलास. अठरा हजार गेले. ॲडमिन म्हणतो, ‘लाँग टर्मसाठी होल्ड करा’. आणि ११.१० चा मेसेज? डिलीट.

‘पण तो सेबी रजिस्टर्ड आहे’ म्हणालास. ग्रुपच्या माथ्यावर INH ने सुरू होणारा नंबर आहे खरा. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर असाच असतो. मी तो सेबीच्या साइटवर घातला, तर निघाला भलत्याच माणसाचा, भलत्याच शहरातला. दुसऱ्याचा नंबर चिकटवायला काय लागतं? आणि तू पैसे पाठवलेस ते तिसऱ्याच कोणाच्या मोबाइल नंबरवर. शिवाय ‘महिन्याला १५ टक्के पक्के’ असं लिहिलेलं होतं. खऱ्या रजिस्टर्ड माणसाला परताव्याची हमी द्यायला सेबीची बंदीच आहे. ती एक ओळ वाचूनच उठायचं होतं.

वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मोठेपण माझ्याकडे आहे.

संपादक महोदय, आता तुमच्याविषयी. कालच्या त्या बातमीच्याच पानावर, उजवीकडे खाली, ‘तीन दिवसांत ट्रेडर बना, रोज पाच हजार कमवा’ अशी पाव पानाची जाहिरात होती. अभिनंदन! शेअर भावांचं पान तुम्ही ‘जागेअभावी’ बंद केलंत, त्यालाही बरेच दिवस झाले. या जाहिरातीला जागा सापडली. ते पान असतं तर माझं पेन्सिलीचं काम घरबसल्या झालं असतं. मोबाइलवर आकडे बघून डोळ्यांना पाणी येतं.

बाळा, रिन्यू करू नकोस आणि इतक्यात ग्रुपमधून बाहेरही पडू नकोस. आधी उरलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढ, पैसे गेले त्या नंबरचा आणि बँकेच्या नोंदीचासुद्धा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन मी लावते, तुला ऑफिसात बोलता येणार नाही. फक्त ते स्क्रीनशॉट शनिवारच्या आत काढ. रविवारी मावशीकडे जायचंय.

तुझी आई,
मुलुंड (पूर्व), मुंबई