महिनाअखेरचा चौदावा अर्ज

गिरणाऱ्याजवळून, ता. जि. नाशिक
३० सप्टेंबर, रात्री

प्रिय बाळू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, रागावू नकोस. आज महिनाअखेर, ग्रामपंचायतीतून घरी यायलाच आठ वाजले. जेवण झालंय, पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

प्रलंबित अर्जांचा आकडा आमचे भाऊसाहेब महिनाअखेरीला पंचायत समितीला कळवतात. म्हणून सकाळीच कपाटातला गठ्ठा टेबलावर घेतला. चौदा अर्ज निघाले. दहा नमुना ८ च्या उताऱ्याचे होते, घरपट्टीची पावती जुळली की उतारा सहीला जातो. तीन विवाह नोंदणीचे. त्यातल्या एकावर तीन साक्षीदारांपैकी दोघांच्याच सह्या होत्या. तिसऱ्याला फोन केला, तो टोमॅटोचे कॅरेट भरता भरता तसाच आला. तळहात झाडाच्या रसानं हिरवेकाळे झालेले. सही करण्याआधी त्यानं ते तीनदा पँटला पुसले, तरी कागदावर बोटाचा डाग उमटलाच. दुपारपर्यंत तेरा अर्ज हातावेगळे झाले.

चौदावा अठ्ठावीस दिवसांपूर्वीचा होता. वरच्या वस्तीवरच्या मावशींना नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला. आमचं मृत्यू नोंदीचं रजिस्टर मी दोनदा चाळलं होतं. नाव सापडलं नाही, तेव्हा पुन्हा एकदा निवांत बघू म्हणून अर्ज गठ्ठ्यात ठेवला आणि तो तिथंच राहिला. चूक माझीच. तेवढ्या दिवसांत मावशी तीन वेळा येऊन पायरीवर बसून गेल्या.

कुणी म्हणालं, ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मार आणि काढ निकाली. कुणी म्हणालं, गावचाच माणूस आहे, इथंच नोंद टाकून द्या. पण त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद घेता येत नाही. आणि आधीच दुसरीकडे नोंद असेल, तर एकाच माणसाच्या मृत्यूच्या दोन नोंदी, दोन ठिकाणं! मग वारस नोंद अडकलीच म्हणून समज.

तीन वाजता गाडी काढून वस्तीवर गेलो.

“मावशी, काका कुठं वारले?”

“इथंच की भाऊ. आपल्याच मळ्यात अग्नी दिला.”

अर्जातही मृत्यूचं ठिकाण म्हणून गावच लिहिलं होतं. मी जरा थांबून विचारलं, “प्राण कुठं गेले, मावशी?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दवाखान्यात. पंचवटीत. पहाटं.”

देवाच्या फोटोमागून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दवाखान्याचा कागद होता, त्यावर तारीख आणि वेळही. बाळू, सगळी गुंतागुंत एवढीच होती. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद होते ती मृत्यू जिथं झाला तिथं. गाव कुठलं, अग्नी कुठं दिला, याच्याशी तिचा संबंध नाही. दवाखान्यात माणूस गेला की खबर दवाखान्यानंच द्यायची असते. म्हणजे काकांची नोंद शोधायची ती महापालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात. आमचं रजिस्टर मी शंभर वेळा चाळलं असतं तरी ती मिळाली नसती.

त्याच कागदावर मला दुसरी अडचण दिसली. दवाखान्यात घरच्यांनी हाकेचं नाव सांगितलेलं. सातबाऱ्यावर नाव वेगळं. नातवाला समोर बसवून सांगितलं, आजोबांचं आधार कार्ड आणि सातबारा बरोबर ने. दाखला छापण्याआधी नोंदीतलं नाव बघून घे. वेगळं असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज दे. पहिली नोंद खोडत नाहीत, पुराव्यावरून बाजूच्या समासात दुरुस्ती लिहितात आणि निबंधक तिथं सही-तारीख करतात. नाव न बघता दाखला घेऊन आलास तर तलाठी ऑफिसातून परत फिरशील. पोरगा हुशार आहे, सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. उद्या कॅरेट बाजारात उतरवून तसाच पंचवटीला जाणार आहे.

ऑफिसात परत आलो आणि अर्जाचं उत्तर लिहायला बसलो. नुसतं ‘आढळून येत नाही’ असं लिहायला हात धजेना. मृत्यू या तारखेला, या वेळी, या दवाखान्यात झाला असल्याने नोंद आमच्या हद्दीत होत नाही, दाखल्यासाठी अमुक कार्यालयात अर्ज करावा, असं पुरतं लिहिलं. खाली अपिलाचा हक्कही लिहिला. भाऊसाहेबांनी वाचून सही केली. शिक्का मारून पोच घ्यायला मी पुन्हा वस्तीवर गेलो, तोवर दिवेलागण झाली होती.

मावशींनी अंगठा दिला. कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “म्हंजी भाऊ, त्यांचं नाव कुठंतरी लिहिलेलं हाये ना?”

“असणार, मावशी,” मी म्हणालो.

दीड वर्ष त्यांना वाटत होतं, आपला माणूस गेला आणि सरकारदरबारी त्याची कुठं ओळही नाही.

नातू काय निरोप आणतो ते पुढच्या पत्रात कळवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा