आगाऊ कळवलेली सुट्टी गैरहजेरीत मोजू नये : कामगारमंत्र्यांस खुले पत्र

माननीय कामगारमंत्री यांस,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

मी ॲपवर ऑर्डर घेऊन घरपोच पोहोचवण्याचे काम करतो. आमच्या कामाचे दर, विमा, अपघात यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यात न शिरता एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. कामगाराने शस्त्रक्रिया, परीक्षा किंवा घरातले कार्य यांसाठी ठरवून काही दिवस काम थांबवले आणि तसे कंपनीला आधी कळवले, तरी ते कळवणे नोंदवून घेणारी जागाच बहुतेक ॲपमध्ये नसते. आम्ही स्वतंत्र भागीदार आहोत, हवे तेव्हा काम करावे, हवे तेव्हा थांबावे, असे करारात लिहिलेले असते. परंतु किती तास लॉगिन होते, गर्दीच्या वेळी हजर होतो का, किती ऑर्डर नाकारल्या, याचा हिशेब मागे चालूच राहतो आणि पुढच्या आठवड्याचे स्लॉट, म्हणजे कामाच्या ठरावीक वेळा, कोणाला आधी उघडायचे हे त्या हिशेबावरून मिळणाऱ्या श्रेणीने ठरते.

सुट्टीने नेमके काय बिघडते, ते हिशेब कोणत्या पद्धतीचा आहे यावर अवलंबून असते. ग्राहकांनी दिलेले तारे शेवटच्या ठरावीक ऑर्डरींवरून मोजले जात असतील, तर महिनाभर घरी बसूनही ते हलत नाहीत, कारण नवी ऑर्डरच झालेली नसते. जे माप मागच्या ठरावीक दिवसांवर चालते, तेथे मात्र सुट्टीचा प्रत्येक दिवस शून्य म्हणून जमा होतो. ॲपच्या पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. कोणता कसा मोजला, हे तेथे क्वचितच लिहिलेले असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वरची श्रेणी टिकवण्यासाठी मागच्या 28 दिवसांत 100 तास लॉगिन हवे, असा नियम आहे असे समजा. आठवड्यातून सहा दिवस, रोज सहा तास काम करणाऱ्याचे 144 तास भरतात, म्हणजे तो निर्धास्त असायला हवा. त्याने 12 दिवसांची सुट्टी घेतली आणि त्यातले दोन दिवस नाहीतरी साप्ताहिक सुट्टीचे होते, तर दहा दिवसांचे 60 तास जाऊन 84 उरतात आणि श्रेणी खाली येते. परतल्यावर तो पहिल्याइतकेच काम करू लागला, तरी पुढचे साधारण 16 दिवस हा आकडा वर सरकत नाही, कारण रोज जेवढे तास नव्याने जमा होतात तेवढेच जुने तास मोजणीतून बाहेर पडतात. सुट्टीचे रिकामे दिवस बाहेर पडू लागल्यावरच आकडा चढतो. हेदेखील त्याला पूर्वीइतके स्लॉट मिळाले तर! खालच्या श्रेणीला स्लॉट उशिरा उघडतात, चांगले आधीच भरलेले असतात, त्यामुळे तास आणखी कमी होतात. बारा दिवसांच्या सुट्टीचा फटका असा महिन्यावर जातो.

यावरचा उपाय अंकगणितात आहे आणि तो सोपा आहे. कळवलेले दिवस मोजणीतून वगळावेत आणि अट त्याच प्रमाणात कमी करावी. वरच्या उदाहरणात 28 ऐवजी 16 दिवस धरले, तर 100 तासांची अट सुमारे 57 तासांवर येते आणि त्याचे 84 तास तीत सहज बसतात. कोणाला कसलीही सवलत दिली जात नाही. ज्या दिवसांत तो कामावर होता त्या दिवसांचेच मोजमाप होते. या दिवसांचा मोबदला आम्ही मागत नाही, हेही येथेच नमूद करतो.

आज कामगार काय करतो, तेही सांगतो. तो मदत विभागात जातो, तेथे दिलेल्या विषयांत सुट्टी हा विषय नसतो, म्हणून ‘इतर’ निवडून तारखा लिहितो. काही मिनिटांत ठरावीक उत्तर येते, ‘आपण कधीही ऑफलाइन जाऊ शकता’, आणि तक्रार सोडवली असे दाखवून तिकीट बंद होते. आधी घेतलेले स्लॉट मात्र तसेच राहतात. ते मुदतीपूर्वी एकेक करून स्वतः रद्द केले नाहीत, तर सुट्टी कळवूनही ते न येता बुडवले असे धरले जाते. जाणते सहकारी म्हणूनच नव्या मुलांना सांगतात, की आधी स्लॉट सोड, मग संदेश लिही, त्यात सुट्टीची पहिली आणि शेवटची तारीख घाल, तिकीट क्रमांक आणि श्रेणीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेव. एवढी काळजी घेऊन हाती पुरावा राहतो. श्रेणी परत मिळेलच असे नाही. म्हणूनच काहीजण सुट्टीत आपला आयडी भावाला किंवा मित्राला चालवायला देतात. ते नियमाविरुद्ध आहे आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो, पण श्रेणी वाचवण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नाही.

हा प्रश्न न्यायालयापुढे येऊन गेलेला आहे. इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने 31 डिसेंबर 2020 रोजी डिलिव्हरू कंपनीच्या स्लॉट वाटपाच्या पद्धतीवर निर्णय दिला. त्या पद्धतीत 24 तास आधी रद्द न केलेल्या स्लॉटला कामगार आला नाही, तर त्याची विश्वासार्हता घटे आणि स्लॉट निवडण्याची त्याची पाळी मागे जाई. आजारपण, संप, मुलांची देखभाल आणि निव्वळ बेफिकिरी यांना एकाच मापाने मोजणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असे न्यायालयाने ठरवले. युरोपीय संघाच्या 2024 च्या प्लॅटफॉर्म कामाविषयीच्या निर्देशाने पुढे जाऊन, खाते निलंबित किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा आणि यंत्रणेच्या निर्णयांची कारणे कामगाराला मिळावीत, असे बंधन घातले आहे. तरीही आगाऊ कळवलेल्या सुट्टीची तरतूद वेगळी मांडावी लागेल, कारण येथे कोणी कोणावर कारवाई केल्याचे कागदावर दिसतच नाही. आकडा आपोआप उतरतो.

कंपन्यांचा एक आक्षेप रास्त आहे. सर्वांनी गर्दीच्या त्याच दिवशी सुट्टी कळवली तर सेवा कोलमडेल. त्यासाठी 72 तासांची पूर्वसूचना आणि वर्षातील अशा दिवसांची कमाल मर्यादा ठेवावी, आम्हाला ती मान्य आहे. पण कारण विचारू नये, तारखा पुरेशा असाव्यात; कारण मागितले की कागदपत्रे आली आणि ती नाकारणारेही आले. अचानक आलेल्या आजारपणाला पूर्वसूचनेची अट लागू होऊ शकत नाही, त्याचा नियम वेगळा हवा.

तेव्हा विनंती अशी, की प्रत्येक ॲपमध्ये सुट्टी कळवण्याची स्वतंत्र सोय सक्तीची करावी. तारखा भरताच क्रमांकासह पोच मिळावी आणि त्या तारखांतील घेतलेले स्लॉट दंडाविना आपोआप सुटावेत. दिवसांवर चालणाऱ्या प्रत्येक मोजणीतून ते दिवस वगळावेत, त्या काळात आयडी निष्क्रिय करू नये आणि परतल्यावर स्लॉट निवडण्याची पाळी सुट्टीपूर्वीच्या श्रेणीप्रमाणेच द्यावी. आकड्याबद्दल वाद झाला, तर ‘वगळलेले दिवस’ आणि ‘मोजलेले दिवस’ दाखवणारे पान कामगाराला मागताच मिळावे, म्हणजे आपल्या निरीक्षकालाही तेच पान पाहून तक्रार निकाली काढता येईल.

आपला विश्वासू,
ॲपवर काम करणारा एक डिलिव्हरी कामगार